चौदा अंशांवरची दोन जहाजे

1870 च्या सप्टेंबरात ब्रिटिश आरमाराचा एक मोठा ताफा स्पेनच्या वायव्य टोकापाशी, फिनिस्टेर भूशिराजवळ कवायती करत होता. त्यात दोन नव्या युद्धनौका होत्या. एक ‘मोनार्क’ आणि दुसरी ‘कॅप्टन’. दोघींचे अंग लोखंडी, दोघींवर फिरत्या बुरुजांतल्या अवजड तोफा, दोघींना वाफेचे इंजिन आणि शिवाय शिडांसाठी उंच डोलकाठ्या. फरक होता तो पाण्यावर दिसणाऱ्या उंचीत. ‘मोनार्क’चा डेक पाण्यापासून सुमारे 14 फूट उंच होता आणि ‘कॅप्टन’चा जेमतेम साडेसहा फूट.

6 सप्टेंबरला ताफ्याचे प्रमुख अ‍ॅडमिरल सर अलेक्झांडर मिल्न ‘कॅप्टन’ पाहायला गेले. वारा जोरात होता, शिडे फुगलेली होती आणि जहाज एका बाजूला सुमारे चौदा अंश कललेले होते. कललेल्या बाजूची डेकची कड पाण्यात जात होती आणि लाटा डेकवरून वाहत होत्या. मिल्न यांनी आपली अस्वस्थता जहाजावरच बोलून दाखवली, पण जहाजाचा कप्तान बर्गॉइन आणि जहाजाची कल्पना ज्याची तो कोल्स, दोघेही निश्चिंत होते. संध्याकाळी अ‍ॅडमिरल आपल्या जहाजावर परतले. रात्री वादळ चढले. मध्यरात्र उलटल्यावर थोड्याच वेळात ‘कॅप्टन’ अठरा अंशांपर्यंत कलले, शिडे सोडायचा हुकूम सुटला, पण तोवर कल वाढतच गेला होता. काही क्षणांत जहाज पालथे होऊन बुडाले. सुमारे 480 माणसे गेली, त्यांत बर्गॉइन आणि कोल्स दोघेही होते. वाचले फक्त अठरा जण. त्याच वादळातून, त्याच समुद्रातून ‘मोनार्क’ मात्र सहीसलामत बाहेर आली.

असे का झाले याचे उत्तर नंतर आकड्यांत मांडले गेले. ते आकडे दीडशे वर्षांनंतरही जहाजाच्या उभे राहण्याचे गमक नीट समजावून सांगतात. पण तिथे पोचण्याआधी मुळात लोखंड किंवा पोलाद पाण्यावर राहतेच कसे, ते पाहायला हवे, कारण ‘कॅप्टन’चे दुखणे तिथूनच सुरू झाले होते.

एक टन पोलादाचा भरीव ठोकळा घेतला तर तो घनमीटरच्या साधारण आठव्या भागाएवढा भरतो. पाण्यात सोडला की तो तेवढ्याच जागेतले पाणी बाजूला सारतो, आणि तेवढ्या खाऱ्या पाण्याचे वजन होते सुमारे 130 किलो. पाणी त्याला वर ढकलते ते या 130 किलोंच्याच जोराने. खाली ओढणारे हजार, वर ढकलणारे 130. ठोकळा तळ गाठणार.

आता त्याच एक टन पोलादाचा दहा मिलिमीटर जाडीचा पत्रा काढला आणि त्याची वर उघडी अशी चौकोनी पेटी जोडली, तर तिची प्रत्येक बाजू सुमारे 1.6 मीटर भरेल. ही पेटी पाण्यात ठेवली की ती खाली जाऊ लागते, पण खाली जाताना ती पाणी हटवत जाते, आणि हटवलेले पाणी एक टन भरले की थांबते. हिशेब केला तर ते होते केवळ 38 सेंटिमीटर बुडाल्यावर. उरलेली सव्वा मीटरच्या आसपासची भिंत पाण्यावर कोरडी राहते. पेटीत तीन टन सामान टाकले तरी ती तरंगेल, फक्त कड पाण्याच्या अगदी जवळ येईल. पोलाद तेच, वजन तेच, बदलली ती त्याने अडवलेली जागा. पाण्याला पत्र्याच्या आत काय आहे हे कळत नाही. त्याला कळते ते फक्त आपल्याला किती जागा सोडावी लागली एवढेच.

जहाज म्हणजे ही पेटीच. त्यात टाकलेला प्रत्येक टन पाण्याकडून वसूल करायचा तर जहाजाला थोडे आणखी खाली जावे लागते. म्हणून जहाजबांधणीत वजनाचा हिशेब चुकला तर ती चूक लपत नाही, ती पाण्याच्या रेषेवर दिसते. ‘कॅप्टन’च्या बाबतीत नेमके हेच घडले होते. आराखड्यात तिचा डेक पाण्यापासून आठ फूट उंच राहायचा होता. बांधताना सातशे टनांहून अधिक वजन वाढले आणि जहाज गोदीतून बाहेर आले तेव्हा ती उंची साडेसहा फुटांवर आली होती. मुळात कमी असलेल्या उंचीतला दीड फूट गेला. तरीही जहाज तरंगत होते, तोफा उडवत होते, वेगाने जात होते. तरंगण्यात काहीच उणे नव्हते. उणे होते ते उभे राहण्यात.

जहाज उभे कसे राहते असे विचारले तर बहुतेकांच्या मनात तळाशी जड असलेली बाहुली येते. ढकलली की आडवी होते, सोडली की उठून बसते. तळ जड, म्हणून ती उभी. खोल जड नाळ असलेल्या शर्यतीच्या शिडाच्या होड्यांना हे लागू पडते. पण मालवाहू जहाज, प्रवासी बोट, युद्धनौका यांच्यात साधारणपणे चित्र उलटे असते. त्यांचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळे वजन जिथे एकवटले आहे असे मानता येईल तो बिंदू, पाण्याच्या वर ढकलणाऱ्या जोराच्या केंद्राच्या वर असतो. बाहुलीच्या न्यायाने पाहिले तर अशी जहाजे पहिल्या लाटेलाच उलटायला हवीत. ती उलटत नाहीत याचे कारण त्यांच्या आकारात आहे.

सरळ उभ्या जहाजाचा विचार करू. वजन मधोमध खाली ओढते आहे, पाणी मधोमध वर ढकलते आहे. दोन्ही एकाच उभ्या रेषेत आहेत. आता जहाज उजवीकडे थोडे कलले. वजन जहाजाच्या आतच आहे, ते जिथे बांधले आहे तिथेच राहते. पण पाण्याखालच्या भागाचा आकार बदलला. उजवीकडे पाचरीसारखा एक नवा तुकडा पाण्यात गेला, डावीकडे तेवढीच पाचर पाण्याबाहेर आली. पाणी आता उजव्या बाजूला जास्त ढकलू लागले, म्हणजे वर ढकलण्याचे केंद्र उजवीकडे सरकले. वजन मधूनच खाली ओढते आहे, पाणी उजवीकडून वर उचलते आहे. या दोन रेषांमध्ये जे अंतर पडले, तीच जहाजाला परत उभे करणारी तरफ. विहिरीवर रहाटाच्या दांड्यावर हात जितका लांब धरावा तितका जोर जास्त लागू होतो, तसेच हे अंतर जितके मोठे तितके जहाज जोमाने सावरते.

लहानशा कलासाठी पाण्याच्या जोराची ही सरकलेली उभी रेषा जहाजाच्या मध्यरेषेला जिथे छेदते, त्या बिंदूला मेटासेंटर म्हणतात. गुरुत्वमध्य या बिंदूच्या खाली असला की जहाज सावरते आणि वर गेला की उलटते. दोघांमधल्या अंतराला जहाजावरची माणसे थोडक्यात ‘जीएम’ म्हणतात. बंदरातून निघण्यापूर्वी अधिकारी ज्या आकड्याकडे पाहतो तो हाच.

या बिंदूची उंची रुंदीवर किती अवलंबून असते, हे एका साध्या चौकोनी बार्जवरून कळते. बार्ज दहा मीटर रुंद आणि चार मीटर पाण्यात बुडालेला असेल तर त्याचे मेटासेंटर तळापासून साधारण 4.1 मीटरवर येते. तेवढाच बुडालेला, पण बारा मीटर रुंद बार्ज घेतला तर ते पाच मीटरवर जाते. दोन मीटर रुंदी वाढवली तर वजन चढवायला जवळजवळ एक मीटर उंची मिळाली. कंटेनरवाहू जहाजे डेकवर डब्यांचे मजले रचून सुखाने समुद्र ओलांडतात, त्याचे गुपित या रुंदीत आहे.

मग जीएम जितका मोठा तितके चांगले का? तसे नाही, आणि हे समुद्रावर लवकर कळते. फार मोठा जीएम असलेले जहाज लाटेने कलले की झटक्याने परत येते. माणसे आपटतात, बांधलेल्या मालाचे दोर आणि साखळ्या तुटतात. बारा मीटर रुंद जहाजाचा जीएम दीड मीटर असेल तर ते एका बाजूकडून दुसरीकडे जाऊन परत यायला साधारण आठ सेकंद घेते. तोच जीएम तीस सेंटिमीटर असेल तर साडेसतरा सेकंद लागतात. म्हणूनच घड्याळ लावून हेलकावा मोजणे ही जुनी आणि अजूनही उपयोगी चाचणी आहे. जहाज नेहमीपेक्षा आळसावल्यासारखे डोलू लागले, कलाच्या टोकाशी क्षणभर रेंगाळू लागले, तर प्रवाशाला ते आरामाचे वाटते. अनुभवी खलाशाला मात्र तिथे धोका दिसतो, कारण परत आणणारा जोर कमी झाला आहे.

आता पुन्हा फिनिस्टेरकडे. दोन्ही जहाजांचा जीएम जवळपास सारखा होता. बंदरात शांत पाण्यात दोघींना थोडे हलवून पाहिले असते तर दोघी सारख्याच घट्ट वाटल्या असत्या. चौदा अंश कलल्यावरही ‘मोनार्क’चा सावरण्याचा जोर ‘कॅप्टन’पेक्षा फार जास्त नव्हता. त्या काळच्या मापात ‘कॅप्टन’चा 5,700 फूट-टन, ‘मोनार्क’चा 6,500. पण चौदा अंशांवर ‘कॅप्टन’च्या डेकची कड पाण्याला टेकत होती आणि ‘मोनार्क’ची कड अठ्ठावीस अंशांवर टेकणार होती. सगळी गोष्ट या कडेपाशी आहे.

कल वाढत असताना नवी पाचर पाण्यात जात राहते तोवर वर ढकलण्याचे केंद्र बाहेर सरकत राहते आणि सावरण्याचा जोर वाढतो. डेकची कड पाण्याखाली गेली की त्या बाजूला पाण्यात घालायला जहाजाजवळ नवी भिंतच उरत नाही. डेकवरून पाणी वाहते, पण डेक ते हटवत नाही. केंद्र आणखी बाहेर जायचे थांबते, आणि इकडे उंचावरचे वजन कलाबरोबर खालच्या बाजूला झुकत राहते. जोर थोडा वाढून थबकतो आणि मग घटू लागतो. ‘कॅप्टन’चा जोर एकवीस अंशांवर कळसाला पोचत होता आणि चोपन्न अंशांच्या सुमारास संपत होता. ‘मोनार्क’चा जोर चाळीस अंशांपर्यंत वाढतच जायचा आणि त्या कळसाला तो ‘कॅप्टन’च्या कळसाच्या जवळजवळ पावणेदोन पट होता.

वाऱ्याचा झोत मात्र जोराशी नुसती झटापट करून थांबत नाही. तो जहाजाला ढकलत नेतो आणि ढकलताना शक्ती खर्च करतो. जहाजाने ती शक्ती पचवली तर ते थांबते आणि परत येते, नाही पचवली तर उलटते. तेव्हा प्रश्न असा, की वाऱ्याच्या दाबाने चौदा अंशांवर आधीच कललेल्या जहाजापाशी पुढच्या झोतासाठी किती गंगाजळी शिल्लक आहे? याचाही हिशेब झाला. ‘मोनार्क’पाशी ती ‘कॅप्टन’च्या जवळजवळ सोळा पट होती. त्या दुपारी दोन्ही जहाजे चौदा अंशांवर शेजारी शेजारी उभी केली असती तर पाहणाऱ्याला ती सारखीच कललेली दिसली असती. एकीकडे पुढच्या वादळाला द्यायला भरपूर शिल्लक होती, दुसरीकडे एका मोठ्या झोतापुरतीही नव्हती.

पाण्यावर दिसणारी भिंत, जिला जहाजावर फ्रीबोर्ड म्हणतात, ही मालासाठी रिकामी सोडलेली जागा नव्हे. ती वादळासाठी राखून ठेवलेली ताकद आहे. कोल्सला फ्रीबोर्ड कमी हवा होता याला कारण होते. बुरुजातल्या तोफांना चहूकडे मारा करायला मोकळी जागा हवी होती आणि शत्रूला निशाणा लहान मिळायला हवा होता. दोन्ही हेतू रास्त होते. पण त्याच जहाजावर उंच डोलकाठ्या आणि शिडे ठेवली, म्हणजे कलवणारा हात लांब केला आणि सावरणारा हात आखूड. आरमाराचे मुख्य रचनाकार एडवर्ड रीड यांनी याबद्दल आधीच इशारे दिले होते. संसदेत आणि वर्तमानपत्रांत कोल्सच्या बाजूने एवढा आवाज उठला होता की जहाज रीड यांच्या खात्याच्या मताविरुद्ध, बाहेरच्या कारखान्यात बांधले गेले. पुढे लष्करी न्यायालयानेही निकालात हीच गोष्ट नोंदवली.

कलाच्या प्रत्येक अंशाला सावरण्याचा जोर किती, हे दाखवणारी वक्ररेषा काढणे त्यानंतर जहाजबांधणीत सक्तीसारखे झाले. पण रेषा किती उंच आणि किती लांब असली म्हणजे पुरे, हे ठरायला आणखी बराच काळ गेला. फिनलंडच्या याक्को राहोला यांनी 1939 साली आपल्या प्रबंधासाठी उलटलेल्या जहाजांच्या वक्ररेषा गोळा केल्या आणि कोणत्या मर्यादेखालची जहाजे जात होती हे शोधले. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांची मुळे तिथे आहेत. जीएम किमान पंधरा सेंटिमीटर असावा, ही त्यांतली एक अट. दुसरी अट जास्त बोलकी आहे. सावरण्याच्या जोराचा कळस पंचवीस अंशांच्या आत येता कामा नये. एकवीस अंशांवर दमणारी ‘कॅप्टन’ आज बंदरातून सुटूच शकली नसती.

उधाणलेल्या समुद्रात ही वक्ररेषाही स्थिर राहत नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवे. ती काढताना पाणी सपाट मानलेले असते. आधुनिक कंटेनर जहाज मध्यावर सरळ भिंतींचे असते, पण पुढे आणि मागे वर पसरट, खाली निमुळते. जहाजाएवढी लांब लाट समोरून आली आणि तिचा माथा जहाजाच्या मध्याशी आला, की दोन्ही टोके लाटेच्या खळग्यांवर येतात. तिथे पाण्याच्या रेषेवरची रुंदी घटते, आणि रुंदी घटली की मेटासेंटर खाली येते. लाट पुढे सरकून खळगा मध्याशी आला की ते पुन्हा वर जाते. या चढउताराची लय जहाजाच्या हेलकाव्याशी विशिष्ट प्रमाणात जुळली, तर प्रत्येक लाट झोक्याला थोडा थोडा दम देत जाते. झोपाळ्यावर बसलेले मूल पाय नेमक्या वेळी आखडून आणि पसरून झोका चढवते, तसे. 1998 च्या ऑक्टोबरात ‘एपीएल चायना’ हे जहाज उत्तर पॅसिफिकमध्ये वादळात समोरून लाटा घेत होते. बाजूने लाट नसतानाही ते पस्तीस ते चाळीस अंशांपर्यंत डोलले आणि डेकवरचे शेकडो कंटेनर समुद्रात गेले. जहाज बुडाले नाही, कारण त्याची शिल्लक मोठी होती. अशा वेळी वेग किंवा दिशा बदलून लय मोडणे हाच उपाय असतो.

आतापर्यंत एक गोष्ट गृहीत धरली, की वजन जिथे आहे तिथेच राहते. ते राहिले नाही तर?

मुंबई आणि कोकणच्या लोकांना हा प्रश्न ‘रामदास’ने विचारला. 17 जुलै 1947 रोजी सकाळी ही आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. आषाढ अमावास्येच्या सुमाराचे दिवस, गावाकडे निघालेल्यांची गर्दी, डोक्यावर पाऊस आणि उधाणलेला दर्या. काशाच्या खडकाच्या आसपास मोठ्या लाटेने बोट कलली, घाबरलेले प्रवासी डेकवर एकाच बाजूला गोळा झाले आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतून काहींना वाचवले. अलिबाग, रेवस आणि गिरगाव-परळच्या घरांत ही आठवण पुढच्या पिढ्यांनाही ठाऊक होती.

‘रामदास’चा त्या दिवसाचा नेमका जीएम मांडून पाहायची सोय नाही. पण माणसांच्या सरकण्याने काय होते हे एका कल्पित बोटीवर तपासता येते. पाचशे टनांची बोट, जीएम साठ सेंटिमीटर. तीनशे प्रवासी, प्रत्येकी साठ किलो धरले तर अठरा टन. हे सगळे मध्यापासून तीन मीटर एका बाजूला गेले तर बोट सपाट पाण्यातसुद्धा दहा अंश कलून राहील. माणसे खालून वरच्या डेकवर आलेली असतील तर गुरुत्वमध्यही चढलेला असतो. समजा त्यामुळे जीएम चाळीस सेंटिमीटरवर आला, तर तीच गर्दी बोटीला पंधरा अंश कलवते. यात अजून वारा धरलेला नाही, लाट धरलेली नाही. कललेल्या बोटीवर माणूस नकळत खालच्या बाजूला घसरतो, म्हणजे कलामुळे वजन सरकते आणि सरकलेल्या वजनाने कल वाढतो. बोटीवर बसायच्या जागा आखलेल्या का असतात आणि वरच्या डेकवर ठरावीक माणसेच का सोडतात, याचे कारण नुसते वजन पेलण्याचे नाही. ते वजन कुठे आहे आणि कुठे धावू शकते, याचे आहे.

माणसांपेक्षाही बेभरवशाचे वजन म्हणजे आत शिरलेले पाणी. परातीत बोटभर पाणी घेऊन चालून पाहिलेल्या कोणालाही हे कळेल. परात जरा तिरपी झाली की सगळे पाणी त्याच बाजूला धावते आणि हात सावरेपर्यंत परात आणखी तिरपी होते. दोन हजार टनांच्या जहाजाच्या चाळीस मीटर लांब, दहा मीटर रुंद मोकळ्या डेकवर वीतभर पाणी शिरले तर त्याचे वजन ऐंशी टनांच्या आसपास, जहाजाच्या मानाने किरकोळ. पण ते पाणी जितके पसरट तितके त्याचे धावणे मोठे, आणि त्याचा परिणाम म्हणजे जणू जहाजाचा गुरुत्वमध्य सुमारे 1.7 मीटर वर उचलला. जीएम 1.2 मीटर असेल तर सरळ उभे राहण्याचा जहाजाचा सगळा सुरुवातीचा जोर पुसला जातो. 6 मार्च 1987 रोजी बेल्जियमच्या झेब्रुग बंदराबाहेर ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही गाड्या नेणारी फेरी पुढचा दरवाजा उघडाच राहिल्याने आत पाणी घेऊन काही मिनिटांत उलटली आणि 193 माणसे गेली. तिच्या गाड्यांच्या डेकला आडव्या-उभ्या भिंती नव्हत्या. टाक्यांमध्ये लांबीच्या दिशेने भिंत घालतात ती यासाठीच. एका भिंतीने टाकीचे दोन भाग केले की पाण्याच्या धावण्याचा हा परिणाम चौथ्या हिश्श्यावर येतो. बॅलास्टची टाकी एक तर काठोकाठ भरावी नाही तर रिकामी करावी, अर्धवट ठेवू नये, हे जहाजावर नवख्याला पहिल्या काही दिवसांतच शिकवले जाते.

राहिला प्रश्न असा, की गुरुत्वमध्य मुळात कळतो कसा? पाण्याखालच्या आकारावरून मेटासेंटर कागदावर काढता येते. पण हजारो पत्रे, नळ, तारा, यंत्रे आणि रंगाचे थर यांचे एकत्र केंद्र कागदावर कितीही नेटाने काढले तरी त्यात फरक पडतो. ‘कॅप्टन’मध्ये सातशे टन असेच शिरले होते. म्हणून जहाज जवळपास पुरे झाले की त्यालाच विचारतात. ही चाचणी ‘कॅप्टन’वरही झाली होती, जुलै 1870 मध्ये पोर्ट्समथला. तिच्यावरून करायचा पुढचा हिशेब पुरा होण्याआधी जहाज समुद्रावर निघून गेले होते.

माझगाव असो, वास्को असो की जगातली कुठलीही गोदी, या चाचणीची पद्धत आजही तीच आहे. वारा पडलेला आणि पाणी निवांत असलेली वेळ पकडतात, बहुधा भल्या पहाटे. धक्क्याचे दोर सैल सोडतात, जहाज धक्क्याला टेकत नाही याची खात्री करतात. टाक्या रिकाम्या तरी करतात किंवा पुऱ्या भरतात. जहाजावर किती माणसे आहेत आणि कोण कुठे उभे आहे हे लिहून घेतात. आत एका खोल जागी लांब तारेचा लंबक टांगतात आणि त्याचे वजन तेलाच्या बादलीत बुडवून ठेवतात, म्हणजे तो थरथरत राहत नाही. मग क्रेनने मोजलेले वजन डेकवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवतात. समजा दोन हजार टनांच्या जहाजावर दहा टन आठ मीटर सरकवले आणि तीन मीटर लांबीचा लंबक पट्टीवर दहा सेंटिमीटर सरकला. ऐंशीला दोन हजारांनी आणि मग लंबकाच्या उताराने भागले की जीएम 1.2 मीटर निघतो. मेटासेंटरची उंची आराखड्यावरून ठाऊक असते, तिच्यातून हे वजा केले की गुरुत्वमध्याची जागा मिळते.

मग वजन पुन्हा उलटीकडे नेतात, पुन्हा मोजतात, आणखी काही वेळा मोजतात. सगळे आकडे एका सरळ रेषेत पडायला हवेत. एखादा बाजूला पडला तर कुठल्या तरी टाकीत पाणी राहिले आहे, कुठला तरी दोर ताठ झाला आहे किंवा कोणी तरी जागेवरून हलले आहे, असे समजून शोध घेतात. प्रत्येक वेळी पट्टी वाचण्याआधी डेकवर एकच सूचना जाते, सगळ्यांनी आपापल्या खुणेवर उभे राहा. दोन हजार टनांचे पोलाद तेवढा वेळ शांत होते आणि बादलीतला लंबक सावकाश आपल्या आकड्यावर येऊन थांबतो.